ब्रॉडकास्ट टाकला, पण निम्म्या गिऱ्हाइकांना पोचलाच नाही: यादी ठेवायची की चॅनल काढायचं?

द्राक्षाची छाटणी जवळ आली की सांगली, मिरज, तासगाव भागातल्या दुकानदारांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "मेसेज सगळ्यांना टाकलाय ओ, पण लोक म्हणतात आलाच न्हाई." मग कुणीतरी सल्ला देतं, ब्रॉडकास्ट सोड, व्हॉट्सॲपचं चॅनल काढ, त्यात कितीही माणसं बसतात. चॅनल निघतं, काउंटरवर क्यूआर चिकटतो, माणसं जोडली जातात. महिना-दीड महिन्यात तक्रार उलटी होते: माणसं आहेत, पण बघत कुणी नाही, आणि "माझी दोन पोती ठेवा" असं कळवायला कुणाला जागाच नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोघांची कारणं वेगळी. ब्रॉडकास्ट अडतो तो गिऱ्हाइकाच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीत. चॅनल अडतं ते गिऱ्हाइकाच्या सवयीत. एकाच्या जागी दुसरं आणलं तर दुखणं जागा बदलतं, एवढंच. म्हणून आधी आपलं नेमकं कुठं अडलंय ते बघू, निवड त्यानंतर.

तासगावच्या बाजूच्या एका कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घेतो. गिऱ्हाईक ६१० शेतकरी, बहुतेक बागायतदार, थोडे उसाचे. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ पेक्षा जास्त नंबर बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या तीन याद्या होत्या: २५६, २५६ आणि उरलेले ९८. "१०:२६:२६ ची गाडी उद्या सकाळी उतरणार, लागणारांनी आज कळवा" असा मेसेज तिन्ही याद्यांना गेला. उत्तरं आली चाळीसेक. दुकान सांभाळणाऱ्या पोराची समजूत अशी की लोक वाचून सोडून देतात.

वाचलं नाही की मिळालंच नाही?

हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. अँड्रॉइड फोनवर ब्रॉडकास्टची यादी उघडा, पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि वरच्या पट्टीतून किंवा तीन टिंबांतून `Info` उघडा. कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला, याची नावं तिथे दिसतात. ज्यांची नावं कुठेच नाहीत, त्यांना मेसेज अजून पोचलेलाच नाही. हे पाठवल्या पाठवल्या बघू नका. रानात रेंज नसते, कुणाचा रिचार्ज संपलेला असतो, कुणी नेट फक्त रात्री चालू करतो. एक दिवस जाऊ द्या, मग बघा.

या दुकानाच्या पहिल्या यादीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २५६ पैकी १२१ जणांना मेसेज पोचलेला होता. १३५ जण बाकी. एवढ्या माणसांचे फोन दिवसभर बंद असतील हे शक्य नाही.

आता खरी तपासणी. बाकी राहिलेल्यांतले दहा जण निवडा आणि त्यांना ब्रॉडकास्टमधून न पाठवता प्रत्येकाच्या स्वतःच्या चॅटमध्ये साधा, कामाचा मेसेज पाठवा. "पाटील, परवाचं बिल तयार आहे" यासारखा काहीही चालेल, फक्त खरा असू द्या. मिनिटभरात दोन टिक आल्या, तर त्या माणसाचा फोन चालू आहे, व्हॉट्सॲप चालू आहे आणि त्याने तुम्हाला ब्लॉकही केलेलं नाही. मग ब्रॉडकास्ट का पोचला नाही, याचं बहुतेकदा एकच कारण उरतं: त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही. सुटा मेसेज कुणालाही जातो. ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केलाय म्हणून भागत नाही.

सुट्या मेसेजलाही एकच टिक राहिली, तर मात्र कारण दुसरं. फोन बंद असेल, नेट नसेल, त्या नंबरवरचं व्हॉट्सॲप त्याने सोडलं असेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. ही तपासणी दहाच जणांवर करा. उरलेल्या सगळ्यांना एकामागून एक तोच मजकूर सुटा पाठवत बसलात, तर घाऊक मेसेज पाठवणारा म्हणून तुमच्याच नंबरवर बंदी येण्याची वाट मोकळी होते.

दहांपैकी सात जणांना लगेच दोन टिक आल्या. म्हणजे मुख्य दुखणं नंबर सेव्ह नसण्याचं.

स्टेटसवरूनही अंदाज येतो. स्टेटस दिसायला दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. दुकानाच्या स्टेटसच्या बघणाऱ्यांत ज्याचं नाव आलं, त्याच्याकडे तुमचा नंबर नक्की आहे. उलट बाजूने मात्र हे धरू नका. कुणी वाचल्याची खूण बंद करून ठेवलेली असते, त्याचं नाव बघूनही दिसत नाही.

नंबर सेव्ह का नाही?

इथे बहुतेक जण घाई करतात. "आमचा नंबर सेव्ह करा" अशी पाटी छापून काउंटरवर लावतात आणि काम झालं असं समजतात. आधी दोन-चार गिऱ्हाइकांचा फोन हातात घेऊन बघा, म्हणजे वेगळंच निघतं. या दुकानात एका शेतकऱ्याला विचारलं तर तो जरा चिडलाच. "सेव्ह न्हाई कसा? पंधरा वर्षं उधारी चालू हाय की माझी." आणि त्याने दाखवलं: "खतवाले आप्पा". नंबर सेव्ह होता, पण तो आप्पांचा, म्हणजे मालकांचा जुना नंबर. पोराने दुकान हातात घेतल्यावर नवं सिम घेतलं, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, सुंदर लोगो लावला आणि सगळ्या याद्या त्या नंबरावर केल्या. गावाच्या लेखी मात्र दुकान म्हणजे आप्पांचाच नंबर.

असं असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेकडो लोकांचे फोन बदलायचे सोडून दुकानाचा नंबर बदलणं. जो नंबर लोकांकडे आधीच सेव्ह आहे, त्यावरच व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा. त्या सिमच्या फोनवर आधी चॅटचा बॅकअप घ्या, मग बिझनेस ॲप टाकून तोच नंबर नोंदवा. ओटीपी त्या सिमवर येतो, म्हणून सिम हाताशी हवं. जुन्या ॲपमधली चॅट्स इकडे घ्यायची का, हे ॲप विचारतं. एक नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे साधं ॲप त्या नंबरापुरतं बंद होतं. नव्या नंबरवर केलेल्या ब्रॉडकास्ट याद्या आपोआप इकडे येत नाहीत, त्या पुन्हा कराव्या लागतात. आणि त्या करण्याआधी गिऱ्हाइकांचे नंबर या फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये आलेत का ते बघा. पोराच्या गुगल खात्यात सेव्ह असलेले नंबर आप्पांच्या फोनमध्ये नसतात.

अडचण तांत्रिक कमी, घरची जास्त. आप्पांच्या नंबरवर भिशीचा ग्रुप, पाहुण्यांचा ग्रुप, भजनी मंडळ, सगळं त्यावरच. ते सगळं दुकानाच्या ॲपमध्ये येणार आणि काउंटरवरचा पोरगा ते बघणार, हे आप्पांना पटेना. शेवटी आप्पांनी घरच्यासाठी वेगळं सिम घेतलं. मला विचाराल तर यात दुकानाचा फायदा इतका आहे की आठवडाभर रुसवा चालला तरी चालेल.

जुना नंबर आता कुणाकडे नाही किंवा बंदच झालाय, तर मग नंबर सेव्ह करून घेण्याला पर्याय नाही. इथे एक गैरसमज फार पसरलाय. अशी लिंक किंवा तिचा क्यूआर लावला की झालं, असं लोकांना वाटतं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

ही लिंक दाबली की चॅट उघडते, सेव्ह काहीच होत नाही. (९१ पुढे दहा आकडे, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा शून्य घालायचं नाही.) गिऱ्हाईक "नमस्कार" पाठवतो, तुम्ही त्याला यादीत घालता, आणि पुढचा ब्रॉडकास्ट पुन्हा त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणून चॅट उघडल्यावर लगेच दुकानाचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा, ते दाबून सेव्ह करता येतं. त्याहून खात्रीचं म्हणजे बिल होईपर्यंत गिऱ्हाईक समोर उभं असतं, तेव्हाच करून घेणं. "दादा, हा नंबर सेव्ह करा, गाडी आली की कळवतो" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, कारण गाडी कधी येणार हे त्यालाच हवं असतं.

कधीकधी नंबर बरोबर सेव्ह असतो आणि तरी ब्रॉडकास्ट पोचत नाही. अशा फोनवर व्हॉट्सॲप उघडून बघा. सगळीकडे नावांच्या जागी नुसते आकडे दिसत असतील, तर व्हॉट्सॲपला कॉन्टॅक्टची परवानगी बंद आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन ती चालू केली की झालं.

मग चॅनल कशाला?

चॅनलमध्ये वरची भानगड नाही. नंबर सेव्ह असण्याची गरज नाही, २५६ ची मर्यादा नाही. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली. `Updates` मध्ये जाऊन अधिकच्या खुणेवरून चॅनल काढायचं, नाव, फोटो आणि दोन ओळींची माहिती द्यायची आणि लिंक वाटायची. जोडलेल्या माणसाला तुमचा नंबर दिसत नाही आणि जोडलेल्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. एखादा भाव चुकून पडला तर टाकलेला मजकूर नंतर दुरुस्तही करता येतो.

पण मेसेज चॅटमध्ये येत नाही. तो अपडेट्सच्या पानावर, स्टेटसच्या खाली जाऊन बसतो. आणि चॅनल फॉलो केलं की त्याचा आवाज सुरुवातीला बंदच असतो. म्हणजे तुम्ही सकाळी सातला "आज दुपारनंतर पाऊस, डावणीची फवारणी आधी उरका" असं टाकलं, तरी फोन वाजत नाही. शेतकऱ्याने रात्री जेवल्यावर अपडेट्स उघडलं तर त्याला दिसणार, तोवर पाऊस पडूनही गेलेला असतो. "चॅनलवर माणसं आहेत पण बघत नाहीत" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं. उपाय एका खुणेचा आहे: चॅनल उघडून वरची घंटा दाबायची, म्हणजे नोटिफिकेशन चालू होतं. पण ही घंटा गिऱ्हाइकालाच दाबावी लागते, चॅनलवाल्याच्या हातात ती नाही. म्हणून चॅनलची लिंक नुसती पाठवू नका, घंटा कुठे आहे त्याचा स्क्रीनशॉट लाल गोल काढून सोबत द्या. काउंटरवर जोडून घेत असाल तर घंटाही तिथेच दाबून घ्या.

हे झालंय का, ते कसं कळणार? जोडलेल्यांच्या आकड्यावरून तर नाहीच कळत. ज्याला हो-नाही म्हणायला लोक आपसूक बोट लावतील असा प्रश्न सकाळी चॅनलवर मतदान म्हणून टाका, "छाटणी झाली का?" यासारखा, आणि दुपारपर्यंत किती मतं पडली ते मोजा. चारशे जोडलेल्यांत दुपारी वीस मतं असतील आणि दुसऱ्या दिवशी रात्री नव्वद, तर लोक येतात, पण त्यांना घंटा वाजत नाही, ते सवडीने येतात. अशा चॅनलवर पावसाची सूचना टाकून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट परत बोलण्याची. ब्रॉडकास्टचा मेसेज गिऱ्हाइकाला साध्या चॅटसारखा येतो. त्याने तिथेच "चार पोती" लिहिलं की ते फक्त तुम्हाला दिसतं. चॅनलवर तो इमोजी दाबू शकतो, मत देऊ शकतो, पण "चार पोती, संध्याकाळी येतो" असं साध्या चॅटसारखं तुम्हाला लिहू शकत नाही. चॅनलवरच्या मजकुराच्या शेवटी वर दिलेली `wa.me` लिंक टाकली तर तो तिथून चॅटमध्ये येऊ शकतो. येतात, पण कमी. वाट एका दाबाने लांबली तरी निम्मे लोक गळतात, हा माझा अनुभव.

तिसरी गोष्ट फारसं कुणी लक्षात घेत नाही. चॅनल उघडं असतं. लिंक ज्याच्या हातात पडेल तो आत येतो, आणि मजकूर पुढे पाठवला तर त्याच्यासोबत चॅनलची वाटही जाते. म्हणजे समोरचा दुकानदारही तुमचे भाव बघणार. त्याहून मोठी अडचण मालाची. गाडीत साठ पोती असताना "डीएपी आली" असं चॅनलवर टाकलंत, तर नेहमीच्या गिऱ्हाइकाआधी कवठे महांकाळचा अनोळखी माणूस दारात उभा असतो. खत द्यायचं पॉसवर अंगठा घेऊन, त्यामुळे आधी आलेल्याला नाही म्हणणं अवघड, आणि नंतर आलेलं जुनं गिऱ्हाईक तोंड फिरवतं. मोजका माल चॅनलवर जाहीर करू नये, हे मी ठामपणे सांगेन.

या दुकानाने काय ठरवलं

एकच काहीतरी निवडायचा हट्ट सोडून त्यांनी मेसेजच दोन ढिगांत वाटले. ज्या मेसेजनंतर गिऱ्हाइकाने काही कळवायचं असतं किंवा ज्याला आजची मुदत असते, तो ब्रॉडकास्टने: गाडी येणार, पोती ठेवायची का, उद्या दुकान बंद, पावसाआधीची फवारणी. जे सगळ्यांसाठी सारखं आहे आणि उद्या वाचलं तरी नुकसान नाही, ते चॅनलवर: नवीन औषधाची माहिती, छाटणीनंतरच्या कामांचा तक्ता, सरकारी योजनेच्या अर्जाची तारीख, शिवारफेरीचे फोटो. उधारीची आठवण दोन्हीकडे नाही, ती सुट्या चॅटमध्ये किंवा फोनवर.

याद्याही नावांच्या क्रमाने न ठेवता पिकाप्रमाणे केल्या. द्राक्षाच्या दोन, उसाची एक. आधी उसाच्या शेतकऱ्याला डावणीचे मेसेज जात, तो कंटाळून दुकानालाच ब्लॉक करत असे. आणि ब्लॉक किंवा रिपोर्ट करणाऱ्यांची संख्या वाढली की व्हॉट्सॲपचं लक्ष तुमच्या नंबरकडे जातं. बिझनेस ॲपमध्ये चॅटला पिकाचं लेबल लावून ठेवलं की यादी करताना शोधाशोध वाचते. "मला नको" म्हणणाऱ्याला त्याच दिवशी यादीतून काढायचं, वाद घालायचा नाही. आणि रोज सकाळी फुलांचा सुप्रभात याद्यांवर पाठवायचा असेल, तर मग गाडी आल्याचा मेसेजही लोक न वाचता सरकवतात, हे गृहीत धरा. मागे बाजारात कुणीतरी संगणकावरून हजारो मेसेज सोडणारं सॉफ्टवेअर विकत होतं. ते किंवा व्हॉट्सॲपची नकली ॲप्स यांच्या नादी लागू नका. नंबरच बंद पडला तर त्याच्याबरोबर याद्या आणि वर्षानुवर्षांच्या ऑर्डरी अडकतात.

आप्पांचा नंबर बिझनेसवर घेतल्यावर पहिल्या ब्रॉडकास्टचं `Info` पाहिलं, तेव्हा २५६ च्या यादीत बाकी राहिलेले ३४ निघाले. त्यांतले काही नवीन गिऱ्हाईक, ज्यांच्याकडे आप्पांचाही नंबर नव्हता, त्यांना कॉन्टॅक्ट कार्ड गेलं. काहींनी फोन बदलताना कॉन्टॅक्ट गमावले होते, ते काउंटरवर आले तेव्हा करून घेतलं. उरलेले सात-आठ साधा बटणाचा फोन वापरणारे. त्यांची नावं यादीत कुणी आणि कशी घातली हे कोडंच आहे, बहुधा घरातल्या पोरांचे नंबर असतील. गाडी आली की त्यांना फोनच करावा लागतो.

चॅनलबाबत एक मर्यादा द्राक्षवाल्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. चॅनलचा मजकूर सर्व्हरवर तीस दिवसांपर्यंत ठेवू, असं व्हॉट्सॲपने चॅनल आणताना सांगितलं होतं. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत चारेक महिने जातात. छाटणीनंतरचा कामांचा तक्ता चॅनलवर एकदा टाकला की हंगामभर सापडेल, या भरवशावर राहू नका. तक्ता पीडीएफ करून ठेवा, दर पंधरवड्याला त्या टप्प्याचा भाग पुन्हा टाका, आणि ज्याने मागितला त्याला चॅटमध्ये द्या. चॅटमधला मेसेज त्याच्या फोनमध्ये राहतो, त्याने स्वतः काढून टाकेपर्यंत.

हंगामाआधी एकदा, शक्यतो छाटणी सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी, प्रत्येक यादीवर एक कामाचा मेसेज पाठवून दुसऱ्या दिवशी `Info` बघा. लोक फोन बदलतात, नंबर बदलतात, त्यामुळे बाकी राहणाऱ्यांची संख्या वर्षभरात हळूहळू वाढतेच. २५६ च्या यादीत ती तीस-चाळीसच्या आत असेल तर काउंटरवर एकेकाला पकडून भागतं. शंभराच्या पुढे गेली असेल तर पुन्हा दहा जणांवर सुट्या मेसेजची तपासणी करा, आणि त्यांतल्या एक-दोघांचा फोन हातात घेऊन दुकान कुठल्या नावाने, कुठल्या नंबरवर सेव्ह आहे ते स्वतः बघा.